कोंबडी धुऊ नका, हात धुवा



मागच्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या एका गावात महिलांची बैठक घेतली. विषय जुलाबाचा होता. पाणी उकळून प्यावे, शौचाहून आल्यावर हात धुवावेत, हे सांगून झाले. मग मी सहज म्हटले, "आणि बाजारातून आणलेली कोंबडी धुऊ नका, तशीच रांधा." क्षणभर सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसू फुटले. एक वयस्कर बाई म्हणाली, "काहून वो ताई, न धुता खाची काय? रक्त राह्यते, वास येते. आमी तं तीनदा धुतो."

त्यांचे हसणे मला समजले, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात मीही कोंबडी तीनदाच धूत असे. डाळ, तांदूळ, भाजी धुऊन घ्यायची असे आपण आईकडून शिकलो. मग मांस तर आधी धुवायचे, असेच वाटणार. त्या दिवशी माझ्याकडे तोंडी उत्तर होते, पण ते कुणाला पटले नाही. म्हणून पुढच्या बैठकीला मी हळद, उकडलेले बटाटे आणि धुण्याचा सोडा घेऊन गेले. तिथे काय दिसले ते सांगण्यापूर्वी कोंबडीवर नेमके काय असते ते पाहू.

कोंबडीवर काय असते

कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्यामुळे कोंबडी बहुतेक वेळा आजारी पडत नाही. ती दाणे टिपते, धावते, अंडी देते. त्यामुळे "आमची कोंबडी चांगली तंदुरुस्त होती" याला इथे काही अर्थ उरत नाही. कोंबडी कापताना, पिसे काढताना आणि पोट साफ करताना आतड्यातला मळ थोडा तरी कातडीला आणि मांसाला लागतो. दुकानात एकाच ओंडक्यावर, एकाच सुऱ्याने, एकाच बादलीतल्या पाण्यात दिवसभर कोंबड्या साफ होतात, तेव्हा एकीचे जिवाणू दुसरीला लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि मांस ताजे असले तरी ते असू शकतात.

आता हे मांस पाण्याने धुतले तर काय होते? जिवाणू धुळीसारखे वर बसलेले नसतात. पिसांच्या छिद्रांत, कातडीच्या सुरकुत्यांत आणि मांसाच्या ओलाव्यात ते चिकटून असतात. पाण्याने त्यांतले काही निघतात, पुष्कळसे तिथेच राहतात. म्हणजे धुऊन कोंबडी जिवाणूमुक्त होत नाही. आणि जे निघतात ते मरत नाहीत. ते पाण्याबरोबर शिंतोड्यांतून हातावर, भांड्यावर, जमिनीवर जातात.

खरी गोष्ट इथे आहे. कोंबडीवर राहिलेले जिवाणू चुलीवर मरणारच आहेत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले की ते जगत नाहीत, आणि आपला रस्सा तर १०० अंशांच्या आसपास खदखदत असतो. पण पाण्याच्या ग्लासवर, कांद्याच्या फोडीवर किंवा लेकराच्या ताटलीत पडलेला थेंब चुलीवर जात नाही. तो सरळ तोंडात जातो. न धुता रांधले तर सगळे जिवाणू एकाच गंजात राहतात आणि तिथेच मरतात. धुतले की त्यांतले काही चुलीच्या तावडीतून सुटतात.

हळदीने काय दाखवले

हळदीचा एक गुण सगळ्या बायकांना माहीत असतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो. धुण्याच्या सोड्यानेही तेच होते. मी उकडलेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी केल्या, हळदीच्या पातळ लगद्यात घोळल्या आणि पिशवीत भरल्या. ही आपली 'कोंबडी'. मांस वाया घालवायला नको म्हणून बटाटे. ज्या बाईंनी तीनदा धुतो म्हटले होते, त्यांच्याच घरी आम्ही बसलो. मी म्हटले, "रोज करता तसंच करा. मी मधे बोलणार नाही."

त्यांच्या घरी नळ नाही. मेळघाटात पुष्कळ घरी नसतो. त्या जमिनीवर बसल्या, फोडी कोपरात ओतल्या, शेजारच्या हंड्यात ग्लास बुडवून पाणी घेतले, हाताने चोळून फोडी धुतल्या आणि पाणी दारासमोर फेकले. असे तीनदा केले. मग विळा ओढून दोन मोठ्या फोडी कापल्या, मिठाच्या डब्यात हात घालून चिमूटभर मीठ घेतले, पदराला हात पुसले आणि कांदा चिरायला घेतला. तेवढ्यात त्यांचा नातू आत आला आणि पाणी मागू लागला. त्यांनी हंड्यात तोच ग्लास बुडवला आणि भरून त्याच्या हातात दिला. आमच्यापैकी कुणाच्याही ते तेव्हा लक्षात आले नाही.

मग मी सोड्याच्या पाण्यात भिजवलेली जुन्या धोतराची पांढरी चिंधी काढली आणि एकेक जागा पुसत गेले. जिथे हळद पोचली होती तिथे चिंधी तांबडी होत होती. ग्लासच्या बाहेरून आणि काठावरून ती तांबडी झाली. हंड्याच्या काठावरून झाली. विळ्याच्या पाटावरून झाली. मिठाच्या डब्याच्या झाकणावरून आणि आतल्या काठावरून झाली. कोपराभोवतीच्या जमिनीवर हातभर अंतरापर्यंत ठिपके उमटले. बाजूला पालथ्या घातलेल्या जेवणाच्या ताटल्यांपैकी वरच्या ताटलीवर दोन ठिपके निघाले. चिरलेल्या कांद्याच्या फोडींवरही पिवळी छटा होतीच, तिला पुसायचीही गरज नव्हती.

ग्लास तांबडा झाला तेव्हा कुणी हसले नाही. बाईंनी नातवाकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "म्या तं त्याच गिलासानं पाणी देल्लं." मग शेजारची म्हणाली, "हंड्यातबी गेलं मंग. दिवसभर तेच पाणी सारे पेतील."

ज्या घरी नळ आहे तिथे शिंतोडे जास्त उडतात, कारण वरून जोराची धार मऊ मांसावर आपटते. ज्या घरी नळ नाही तिथे खरा वाहक ग्लास असतो. हाताला कोंबडीचे पाणी लागलेले, त्याच हाताने ग्लास धरायचा, तो हंड्यात बुडवायचा, आणि हंडा सगळ्या घराचा.

न धुतले तरी काम अर्धेच होते

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. प्रयोगासाठी उभारलेल्या स्वयंपाकघरांत लोकांना कोंबडी आणि कच्च्या पानांचे सॅलड करायला सांगितले. कोंबडीवर आधीच एक निरुपद्रवी, ओळखता येणारा जिवाणू लावून ठेवला होता, अगदी आपल्या हळदीसारखा. ज्यांनी कोंबडी धुतली त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो सापडला. सिंक साफ केल्यावरही १४ टक्के जणांच्या सिंकमध्ये तो उरला होता. आणि धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत तो पोचला.

पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ज्यांनी कोंबडी धुतली नव्हती, त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडवर तो जिवाणू मिळाला. कारण बहुधा मांसाला हात लावल्यावर त्यांनी हात नीट धुतले नव्हते. म्हणून "कोंबडी धुऊ नका" एवढेच सांगून थांबणे बरोबर नाही. न धुतल्याने शिंतोडे आणि धोवणाचे पाणी टळते. हात, विळा आणि ग्लास यांचा रस्ता मात्र वेगळा बंद करावा लागतो.

आजार आणि कोंबडी यांची सांगड का बसत नाही

बैठकीत एक प्रश्न नेहमी येतो. "आमी इतके वर्ष धुऊनच खातो, आमाले कुठं काय झालं?" झाले असेल, पण ते कोंबडीच्या खाती मांडले गेले नाही. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर बहुधा दोन ते पाच दिवसांनी त्रास सुरू होतो. पोटात मुरडा, ताप, पातळ जुलाब, कधी त्यात रक्त. रविवारी बाजाराची कोंबडी झाली आणि लेकराला बुधवारी जुलाब लागले, तर आई मंगळवारच्या जेवणाला किंवा बदललेल्या हवेला दोष देते. शिवाय आजारी पडायला हे जिवाणू फार लागत नाहीत. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे पुरेसे होऊ शकतात आणि तेवढे एका थेंबातही असू शकतात. मोठ्यांचे बहुधा आठवडाभरात निभते. आधीच वजनाने कमी असलेल्या लेकराचे तसे नसते. एका जुलाबाने त्याचे कमावलेले वजन उतरू शकते.

साल्मोनेलाची रीत थोडी निराळी आहे. तो उबदार अन्नात वाढतो. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घरातही पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कच्च्या मांसाचा थेंब पडलेली कोशिंबीर दोन तास उघडी राहिली तर थोड्याचे पुष्कळ होते.

कॅम्पिलोबॅक्टरचे नाव आपल्या राज्यात घरोघरी पोचले ते २०२५ च्या जानेवारीत. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, 'गुलेन बारी सिंड्रोम' या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, चालता येत नाही, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते, असा हा आजार आहे. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. सरकारी पथकांचा मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. कोंबड्यांचीही तपासणी झाली, आणि मांस पूर्ण शिजवून खाण्याची सूचना लोकांना दिली गेली.

हा जिवाणू पोटातून नसांपर्यंत कसा पोचतो? तो स्वतः पोचत नाही. त्याच्या आवरणाची रचना आपल्या नसांवरच्या काही घटकांशी मिळतीजुळती असते. शरीर जिवाणूशी लढायला जे सैनिक तयार करते, ते चुकून आपल्याच नसांवर हल्ला करतात. हे फार क्वचित होते, कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या हजारात एखाद्याला. म्हणून घाबरून कोंबडी खाणे सोडण्याचे कारण नाही. पण पुण्याच्या त्या प्रकरणातून एवढे घ्यावे की पाणी आणि कच्ची कोंबडी यांची गाठ पडू देऊ नये. आपल्या घरात ती गाठ कोंबडी धुताना पडते.

घरची कोंबडी कापली तर

इथे एक फरक नीट समजून घ्या. दुकानातून साफ करून, तुकडे करून आणलेल्या कोंबडीला धुण्याची गरज नाही. पण घरची गावरान कोंबडी आपण अंगणात कापतो, गरम पाण्यात बुडवून पिसे उपटतो, जाळावर भाजतो आणि पोट काढतो. तिला रक्त, पिसे, राख, कधी आतड्यातला मळ लागलेला असतो. तो काढावाच लागतो. हे साफ करण्याचे काम आहे, ते घराबाहेर आणि एकदाच करावे.

ज्या घमेल्यात हे कराल त्यात पाणी आधीच भरून ठेवा, म्हणजे हंड्याला हात लावावा लागणार नाही. वरून धार सोडू नका, कोंबडी पाण्यात हळूच बुडवून हाताने मळ काढा. आतडे काढताना ते फुटू न देणे हीच खरी सफाई आहे, कारण जिवाणूंचा साठा तिथेच असतो. धोवणाचे पाणी विहिरीपासून, हातपंपापासून आणि लेकरे खेळतात तिथून दूर खड्ड्यात ओता. तुकडे करून गंजात घातल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा धुऊ नका.

न धुता कशी रांधावी

त्या बैठकीनंतर आम्ही एक किलो कोंबडी खरीच रांधली. तो क्रम इथे देते.

पिशवी उघडण्यापूर्वी बाकीचे सगळे उरकून घेतले. कांदा, कोथिंबीर, कोशिंबीर चिरून झाकून दूर ठेवली. मसाला वाटला. मीठ, हळद, तिखट लागेल तेवढे वाट्यांत काढले, म्हणजे कच्च्या मांसाचा हात डब्यात जाणार नाही. रश्श्याला लागणारे पाणी वेगळ्या गंजात काढून चुलीजवळ ठेवले. एक तांब्या पाणी आणि साबण हात धुण्याच्या जागी ठेवला.

मग पिशवीतले तुकडे सरळ दुसऱ्या कोरड्या गंजात ओतले. कुठे पीस, हाडाची कपची किंवा रक्ताची गाठ दिसली ती बोटांनी उचलली. त्याच गंजात हळद-मीठ चोळले. इथे एक गैरसमज आहे. हळद, मीठ, लिंबू, दही यांनी वास कमी होतो आणि चव येते, पण जिवाणू पुरेसे मरत नाहीत. म्हणून हळद लावलेले मांसही कच्चेच समजावे, आणि उन्हाळ्यात ते झाकून अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

आता हात धुणे. इथेच घरोघरी चूक होते, कारण माखलेल्या हातानेच आपण तांब्या उचलतो. आम्ही ठरवले की पाणी दुसऱ्याने घालायचे. सुनेने पाणी घातले, सासूने साबण लावून वीसपर्यंत सावकाश आकडे मोजत बोटांच्या बेचक्यांसकट हात चोळले आणि स्वच्छ फडक्याला पुसले, पदराला नाही. घरात दुसरे कुणी नसेल तर तांब्या कोपराने कलंडेल असा ओट्याच्या किंवा पायरीच्या काठाला ठेवावा. साबण नसेल तर चुलीतली निवलेली स्वच्छ राख चालते.

मसाल्याला तेल सुटल्यावर तुकडे कढईत घातले, परतले, पाणी घातले. रिकामी पिशवी गाठ मारून कुत्र्या-मांजराच्या हाती लागणार नाही अशी टाकली. गंज आणि विळा साबणाने धुऊन त्यावर उकळते पाणी ओतले आणि उन्हात वाळवले. मांस पुसायला किंवा सांडलेले पुसायला वापरलेले फडके तसेच ओट्यावर ठेवू नका, ते उकळत्या पाण्यात टाका. ओले फडके दिवसभर सगळीकडे फिरते.

कच्चे तुकडे परतलेला सराटा नंतर चव घ्यायला वापरू नका. रस्सा चांगला उकळेपर्यंत मीठ चाखू नका. चाखायला वेगळा चमचा घ्या.

शिजले कसे ओळखावे? मांडीचा सर्वांत जाड तुकडा काढून हाडाजवळ फोडा. आतला रस गुलाबी न येता पाण्यासारखा स्वच्छ आला पाहिजे, मांस हाडापासून सहज सुटले पाहिजे आणि फोडल्यावर आतून वाफ निघाली पाहिजे. फक्त वरच्या रंगावर जाऊ नका, हळद-तिखटाने तो आधीच बदललेला असतो. रश्श्यात तुकडे बुडालेले असतील आणि तो झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास खदखदला असेल तर काळजी नाही. काळजी असते ती आरावर भाजलेल्या मांडीची, जी बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते.

रस्सा झाल्यावर मी त्या बाईंना विचारले, "वास येतो का?" त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. "नाई वो," त्या म्हणाल्या, "उलट रस्सा दाटच झाला."

एवढे करूनही घरात कुणाला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि लेकराचे अंगावरचे दूध बंद करू नका. शौचात रक्त असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल, किंवा जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊन ताकद जात असेल, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

महिनाभराने मी त्या गावात पुन्हा गेले तेव्हा बाईंच्या हंड्याशेजारी भिंतीच्या खिळ्याला एक लांब दांड्याचा ओगराळा टांगलेला होता. प्यायचे पाणी आता त्यानेच काढायचे, असे त्यांनी घरात सांगून ठेवले आहे. ग्लास हंड्यात जात नाही. नातू मला ते दाखवायला हात धरून घेऊन गेला.